रविवारची ओटी नाकारली : साठ तासांचा हिशेब नेमका कसा?

ही चर्चा नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू होण्यापूर्वीची, 1948 चा कारखाने अधिनियम लागू असतानाची आहे.

प्रेस शॉपमधील ऑपरेटर, चाकण : साहेब, सोमवार ते शनिवार रोज आठ तासांवर दोन तास ओटी केली आहे. रविवारीही पूर्ण पाळी द्यावी. मुलीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे आहेत, ऑर्डरही अडली आहे. मी स्वतःहून तयार असताना अडवता कशाला?

पर्यवेक्षक : तुमचे सहा दिवसांचे साठ तास शनिवारीच पूर्ण झाले. ओटी धरून आठवड्याला साठ ही मर्यादा आहे. रविवारचे आठ मिळवले तर अडुसष्ट होतात आणि तुमच्या संमतीपत्राने हा आकडा बदलत नाही. त्याऐवजी पुढच्या आठवड्यातील ओटीत तुमचे नाव पहिले ठेवतो. प्रवेशाची मुदत जवळ असेल तर पगारातून उचल मिळावी म्हणून टाइम ऑफिसकडे आजच शिफारस करतो. ती तीन हप्त्यांत वळती होईल. रविवारी प्रेसवर दुसऱ्या पाळीतील माणूस राहील.

दुसऱ्या कारखान्यातील फिटर : हे उत्तर वाचून राहवले नाही. ऑर्डर अडली की हेच लोक आमच्या दारात येतात, आणि आम्ही मागितले की कायदा आठवतो. शिवाय आता महाराष्ट्रात रोज बारा तास चालणार असे सरकारनेच ठरवले आहे, मग साठाचे कौतुक कशाला?

निवृत्त टाइमकीपर : रोजची मर्यादा आणि आठवड्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दिवस लांबला म्हणून आठवडा लांबत नाही. मात्र पर्यवेक्षकांचा अडुसष्टाचा हिशेबही चुकला आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे तो रविवार पुढच्या आठवड्यात मोजला जातो. खरी अडचण साप्ताहिक सुट्टीची आहे. कलम 52 प्रमाणे रविवारी बोलवायचे तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण सुट्टी द्यावी लागते. आधीचे तीन दिवस यांनी काम केलेच आहे, म्हणून सोमवार, मंगळवार किंवा बुधवार सोडावा लागेल. तशी मंगळवारची सुट्टी दिली, तर रविवारचे आठ तास नेहमीच्या अठ्ठेचाळीसात बसतात आणि त्यांना दुप्पट दर लागत नाही. तासाला 90 रुपये धरले तर ऑपरेटर 1440 डोळ्यांसमोर ठेवून बसला आहे, पण हाती 720 आणि मंगळवारची रजा येईल.

पर्यवेक्षक : आठवड्याचे कॅलेंडर आपण दाखवले, ते मान्य करतो. पण मंगळवारी त्याच प्रेसवर साचा बदलायचा आहे आणि हा ऑपरेटर नसेल तर तो दिवस वाया जाईल; म्हणून माझा नकार कायम आहे.

कंत्राटी कामगार, भोसरी : तुम्ही दुपटीवर वाद घालता याचेच आश्चर्य वाटते. आमच्याकडे ओटी फक्त मूळ पगारावर मोजतात, महागाई भत्ता वगळून. दुप्पट म्हणवून प्रत्यक्षात दीडपटही हाती पडत नाही. साठ तासांवरचे काम तर हजेरीवर न घेता ‘प्रोत्साहन’ म्हणून पाकिटात येते.

निवृत्त टाइमकीपर : कलम 59 मध्ये मूळ वेतनासोबत भत्तेही धरले आहेत, बोनस आणि ओटीची रक्कम मात्र वगळली आहे. तुमचा महागाई भत्ता धरलाच पाहिजे, आणि कंत्राटी असल्याने हा हक्क जात नाही. पाकिटाचा प्रकार त्याहून वाईट आहे. हजेरीवर नसलेल्या तासात प्रेसखाली बोट गेले, तर आपण त्या वेळी कामावर होतो हे सिद्ध करायला माणूस कुठे जाणार?

फिटर : पाकीट तरी मिळते! माझ्या भावाने ते नाकारले आणि पुढच्या महिन्यापासून त्याला ओटीच दिली नाही. कायदा पुस्तकात ठेवून घर चालत नाही, साहेब.

कंत्राटी कामगार : त्यांचे बरोबर आहे. तक्रार करणाऱ्याला ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवतो.

निवृत्त टाइमकीपर : ते मी नाकारत नाही. तरी पर्यवेक्षकांच्या ‘पुढच्या आठवड्यात पहिले नाव’ या आश्वासनालाही तिमाहीची मर्यादा आहे. दर आठवड्याला बारा तास धरले तर तेरा आठवड्यांत 156 होतात. राज्यात 115 तासांचीच मर्यादा होती; ती 144 करण्याचे मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये ठरवले, पण 156 त्यातही बसत नाहीत. ऑपरेटरने आपले तिमाहीचे तास टाइम ऑफिसातून लिहून घ्यावेत, नाहीतर ऐन गरजेच्या आठवड्यात पुन्हा नकार येईल.

ऑपरेटर : म्हणजे हक्काची सुट्टी घेऊन 720 मिळवायचे किंवा उचल घेऊन तीन महिने कमी पगार घ्यायचा. दोन्हींत माझे नुकसान आहे. उचलीचा अर्ज देतो. पण पुढच्या ओटीतील पहिल्या नावाची गोष्ट साहेबांनी फलकावर लिहावी, तोंडी नको.