मुलांवर ओरडून मग पस्तावणाऱ्यांना पुस्तकाचा उपयोग होतो का?

मनवा
मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा. रोज सकाळी मी त्यांच्यावर अक्षरशः किंचाळते आणि रात्री ती झोपली की उशाशी बसून रडते. रागावरची तीन पुस्तकं वाचून झाली. तिन्हींत 'दीर्घ श्वास घ्या' आहे, पण त्या क्षणी मला काहीच आठवत नाही. पुस्तक वाचून खरोखर कुणाचं ओरडणं कमी झालंय का? झालं असेल तर कोणतं, आणि त्यातल्या नेमक्या कशाने?

विदुला
माझं कमी झालं. बंद नाही झालं, कमी झालं. 'व्हेन अँगर हर्ट्स युअर किड्स' हे ते पुस्तक, मॅथ्यू मॅके आणि सहकाऱ्यांचं, १९९६ सालचं. नंतर पालकांच्या गटांबरोबर काम करतानाही मी तेच वापरत आले.

राग आल्यावर काय करायचं हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. हे त्याआधीच्या अर्ध्या मिनिटाबद्दल बोलतं. मुलाने काहीतरी केलं आणि आपण ओरडलो, या दोन्हींच्या मध्ये आपण मनातल्या मनात एक वाक्य बोललेलो असतो. ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपलं आपल्याला ऐकू येत नाही.

माझी एक सकाळ सांगते. सात चाळीस, निघायला दहा मिनिटं. मुलगा जमिनीवर बसलेला, एक बूट पायात, दुसरा मांडीवर. नाडी बोटाला गुंडाळतोय, सोडतोय, पुन्हा गुंडाळतोय. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडले. रात्री वहीत दोन रकाने केले. डावीकडे फक्त डोळ्यांना दिसलं ते: बूट, नाडी, बोट. उजवीकडे ओरडण्याआधी मनात काय चाललं होतं ते: 'मुद्दाम करतोय.' 'आता अख्ख्या दिवसाची वाट लागणार.' 'हा आळशीच आहे.' मॅके नेमकी हीच तीन कुळं सांगतात. मुलाला हेतू चिकटवणं, घडलेलं फुगवणं आणि शिक्का मारणं.

दोन आठवडे लिहिल्यावर दिसलं की माझं 'मुद्दाम' हेच वाक्य पुन्हा पुन्हा येतंय. कुणाचं 'वाट लागणार' असतं. ज्याचं जे असेल, त्याने तेवढंच धरावं. माझ्या 'मुद्दाम'चं उत्तर डावीकडच्या रकान्यातच होतं. तो माझ्याकडे बघतही नव्हता. छळायचं असतं तर एकदा तरी वर बघितलं असतं. म्हणून वहीत लिहून ठेवलं, 'तो बघतोय का माझ्याकडे?' हा प्रश्न शांत असताना तयार करायचा. सकाळी नवीन काही सुचत नाही, पण घोकलेलं आठवू शकतं.

लोक एका ठिकाणी हमखास चुकतात. उजवीकडे 'मी वाईट आई आहे' असं लिहितात. ते ओरडून झाल्यानंतरचं वाक्य आहे, आपल्याला आधीचं हवंय. पान वाचून रडू आलं पण नवीन काही कळलं नाही, तर समजायचं की पान चुकलं.

शेखर
विदुला, पटलं नाही. चार तास झोपलेल्या माणसाला वाक्य पकडायला सांगणं हा अन्याय आहे. माझा अनुभव असा की शरीर आधी पेटतं आणि डोकं त्याला नंतर कारण शोधून देतं. मला कार्ला नॉमबर्ग यांचं 'हाऊ टू स्टॉप लूजिंग युअर शिट विथ युअर किड्स' (२०१९) उपयोगी पडलं. नावात शिवी आहे, पण बाई स्वतः याच त्रासातून गेलेल्या आहेत. त्या म्हणतात, मुलं बटणं दाबणारच, ती आपली बटणं इतकी मोठी आणि हुळहुळी कशाने झाली ते बघा. झोप, आवाज, एका वेळी चार कामं. मी सकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागलो, बाकी काही केलं नाही. निम्मं ओरडणं तिथेच संपलं.

आणि श्वासाला कमी लेखू नका. २०२४ मध्ये कियार्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले. श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणं अशा शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी राग उतरला. उशीवर गुद्दे मारून किंवा धावून तो उतरत नाही, धावण्याने तर वाढू शकतो. 'राग बाहेर काढा' म्हणणारं पुस्तक असेल तर ते बाजूला ठेवा.

सुलभा
मनवा, रॉस ग्रीन यांचं 'द एक्स्प्लोझिव्ह चाइल्ड' (१९९८) घ्या. माझी भाची सहाव्या वर्षी दारं आपटायची, वस्तू फेकायची. त्या पुस्तकाने घर बदललं. तुमच्या मुलांचा राग नेमका कधी उफाळतो?

मनवा
सुलभाताई, मुलं नाही, मी उफाळते. मुलं तशी शांतच आहेत. खरं सांगायचं तर माझ्यामुळे जरा जास्तच शांत झाली आहेत.

सुलभा
अगं, मी घाईत वाचलं, माफ कर. पण तरी त्यातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. ग्रीन म्हणतात, जमत असतं तर मुलं नीटच वागली असती. वागत नाहीत तेव्हा काहीतरी जमत नसतं. ही विदुलाच्या 'मुद्दाम'चीच दुसरी बाजू झाली. बुटाची नाडी बांधता येणं वेगळं आणि घाईच्या वेळी, आई डोक्यावर उभी असताना ती बांधता येणं वेगळं.

दिनकर
माझं वय एकोणसत्तर. मी ओरडलो, माझे वडील तर हात उचलायचे. माझी दोन्ही मुलं व्यवस्थित आहेत, रोज फोन करतात. तुमच्या पिढीला ही पुस्तकंच जास्त अपराधी करतात असं मला मनापासून वाटतं. आईबाप माणसं आहेत, आवाज चढणारच. आणि ऊठसूट मुलांची माफी मागू नका, त्यांना वाटतं यांचं काही खरं नाही.

नंदिनी
काका, हे धोक्याचं आहे. वांग आणि केनी यांचा अभ्यास आहे, ९७६ कुटुंबांचा. ओरडण्याचा परिणाम मारण्याइतकाच वाईट होतो, आणि नंतर कितीही माया केली तरी तो भरून निघत नाही हे त्यात सिद्ध झालंय.

विदुला
नंदिनी, तो अभ्यास मी वाचलाय, आणि हा धागा वाचणाऱ्या कुणाला आज रात्री झोप लागणार नाही म्हणून हे लिहिणं गरजेचं आहे. त्यातली मुलं तेरा-चौदा वर्षांची होती, सहाची नव्हेत. मोजलं होतं ते कठोर शाब्दिक शिस्त, म्हणजे ओरडण्याबरोबर शिव्या देणं आणि 'तू आळशी, तू मठ्ठ' असं बोलणंही. माया असूनही परिणाम पुसला गेला नाही, हे खरं आहे आणि ते गंभीर आहे. पण ओरडल्यानंतर चूक कबूल करून नातं सांधलं तर काय होतं, हे त्यात तपासलेलं नाही. 'सिद्ध' हा शब्दही जड होतो, कारण मूल बिघडलं म्हणून आईबाप ओरडतात असा उलटा प्रवाहही त्यांना दिसला होता.

आणि दिनकरकाका, तुमचं निम्मं म्हणणं हाइम गिनॉट यांनी १९६५ मध्येच 'बिटवीन पेरेंट अँड चाइल्ड'मध्ये मांडलंय. राग येणारच, तो लपवू नका. अट एकच, मुलाच्या स्वभावावर घाव घालायचा नाही. 'जमिनीवर बूट पडलेले दिसतात, मला संताप येतो, ते जागेवर हवेत!' हे मोठ्याने म्हटलं तरी चालेल. 'तू कधी सुधारणार नाहीस' हे हळू म्हटलं तरी नाही. मनवाने पट्टी लावायची तर आवाजाला लावण्याआधी शब्दांना लावावी.

शेखर
इथे मात्र थांबा. सहा वर्षांच्या मुलीला वाक्यरचना कळत नाही, आईचा चेहरा कळतो. 'मला संताप येतो' असं तोंडावर ओरडलं तर ती घाबरणारच. गिनॉट यांचं वाक्य बरोबर असेल, पण त्याने मोठ्या आवाजाला परवाना मिळतो.

विदुला
हे मान्य. लहान मुलाबाबत मी तुमच्या बाजूने आहे.

गौतम
माफीबद्दल माझं सांगतो, कारण पुस्तकाशिवाय मी ती वर्षभर चुकीची मागत होतो. रात्री मुलीला उठवायचो, मिठीत घ्यायचो, म्हणायचो, 'बाबा फार वाईट आहे ना? पण तू पण ऐकत नाहीस.' एकदा ती अर्धवट झोपेत माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, 'बाबा, तू रडू नको, मी उद्या लवकर आवरेन.' सात वर्षांची पोर मला सावरत होती. माफी मी माझ्यासाठीच मागत होतो.

सीगल आणि हार्टझेल यांचं 'पेरेंटिंग फ्रॉम द इनसाइड आउट' (२००३) वाचलं तेव्हा कळलं की तुटलेलं सांधण्याआधी आपण स्वतः शांत व्हायचं असतं, मुलाच्या खांद्यावर शांत व्हायचं नसतं. आता दिवसाउजेडी, रडून झाल्यावर, दोन वाक्यं बोलतो. 'सकाळी मी ओरडलो, ते चुकलं. आवाज सांभाळणं माझं काम आहे, तुझं नाही.' 'पण' हा शब्द येत नाही. बुटांचा विषय काढायचाच असेल तर वेगळ्या वेळी.

दिनकरकाका, यामुळे मुलगी मला कमी मानते असं दिसलेलं नाही. परवा तिने मैत्रिणीचा खेळ मोडला आणि स्वतःहून जाऊन सांगितलं, 'माझ्याकडून मोडला.'

दिनकर
अशी माफी असेल तर माझी तक्रार नाही. मी म्हणत होतो ती तुमची रात्रीची. तरी मूल लहान असताना रोज ती वेळ यावी हे काही बरं नाही.

विदुला
बरोबर. रोज तीच माफी मागावी लागत असेल तर वही पुन्हा उघडायची. आणि मनवा, एक विचारते, इथे उत्तर देऊ नकोस. कधी हात उठलाय का, ढकललंयस का, किंवा मुलं तुझी चाहूल लागताच दबकतात का? यातलं काही असेल, किंवा राग आठवडेच्या आठवडे चोवीस तास असेल आणि झोप-भूक बिघडली असेल, तर पुस्तकावर विसंबू नकोस, डॉक्टर किंवा समुपदेशकाला भेट. नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं. आपण ते स्वभावाच्या खाती टाकत राहतो.

शेखर
या एका मुद्द्यावर पूर्ण सहमत. वहीबद्दल अजूनही नाही. आधी झोप, मग वही.

मनवा
चार दिवस लिहून बघितलं. पहिली दोन पानं 'मी वाईट आई'चीच निघाली, विदुला म्हणाली तशी. तिसऱ्या दिवशी डावीकडे लिहिलं: मुलगी आरशासमोर, केसांची पिन तीनदा लावली, तीनदा काढली. उजवीकडे 'मुद्दाम' नव्हतं, 'वाट लागणार'ही नव्हतं. होतं ते असं: 'माझं कुणी ऐकतच नाही.' हे तिच्याबद्दलचं वाक्य नाहीये. मी ते ऑफिसात म्हणते, नवऱ्याशी म्हणते. याला उत्तर काय लिहायचं ते अजून सापडलेलं नाही, कुणाला सुचलं तर सांगा.

शेखर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवलाय. आज सकाळी एकदाच ओरडले, पिनेवरूनच. संध्याकाळी तिला गौतमची दोन वाक्यं सांगितली. ती म्हणाली, 'बरं,' आणि चित्र रंगवत राहिली.