मदत हवी आहे: ८ महिन्यांच्या मुलाच्या आतड्यात आतडं शिरलंय, एअर एनिमा करायचा म्हणतात

जतकर
मंडळी, मिरजेच्या एका दवाखान्यातून लिहितोय. मुलगा ८ महिन्यांचा. मागच्या आठवड्यात सर्दी-खोकला झाला होता, तो गेला. काल रात्रीपासून मात्र दर १५-२० मिनिटांनी किंचाळतो, पाय पोटाशी ओढून घेतो, तोंड पांढरंफटक पडतं. थोड्या वेळानं कळ जाते आणि पोरगं गळून गेल्यासारखं निपचित पडतं. आईनं हिंग लावला, ओव्याचा शेक दिला, फरक नाही. पहाटे हिरवी उलटी झाली तशी गाडी काढली.

इथं सोनोग्राफीत टारगेट साइन दिसली, म्हणजे कड्यात कडं असा गोल. रिपोर्टवर उजव्या बाजूला, लिव्हरच्या खाली, ३.२ सेंमी असं लिहिलंय. सलाईन चालू आहे, दोनेक तासांत एअर एनिमा करणार. संमतीच्या कागदावर आतडं फुटू शकतं, ऑपरेशन लागू शकतं असं छापलंय, ते वाचून बायको रडतेय. सासरे म्हणतात हवाबिवाच्या भानगडीत पडू नका, सरळ ऑपरेशन करून मोकळे व्हा. हवेनं आतडं सुटतं कसं? सही करण्याआधी काय विचारू?

पलूसची_आई
दादा, घाई करू नका. माझ्या ५ वर्षांच्या मुलीलाही सोनोग्राफीत हेच निघालं होतं. जुलाबासाठी नेलं होतं, ती तर टेबलावर हसत होती. डॉक्टरांनी तासाभरानं परत बघितलं तर आपोआप सुटलेलं! काही करावं लागलं नाही.

कराडकर_८०
शीत रक्त पडलंय का? लाल, चिकट, जेलीसारखी शी होते यात. ती नसेल तर मला नाही वाटत हे तेच आहे. दुसरीकडे दाखवा.

जतकर
रक्त नाही. कालपासून शीच झालेली नाही.

मामा_इस्लामपूर
शी झाली नाही म्हणूनच एनिमा देतात की. आमच्याकडे लहान मुलांना मेडिकलमधली ग्लिसरीनची नळी देतात, पाच मिनिटांत मोकळं. त्यासाठी दवाखान्यात कशाला पडून राहायचं?

काळी_फिल्म
मामा, तो एनिमा वेगळा. बद्धकोष्ठाचा इथं काही संबंध नाही. घरी काहीही घालू नका, तोंडानंही काही देऊ नका.

मी बरीच वर्षं रेडिओलॉजी केली, आता निवृत्त आहे. कराडकर, जेलीसारखी शी खरी, पण ती उशिरा येते, आतड्याचं अस्तर रक्ताअभावी खराब व्हायला लागल्यावर. तिची वाट बघत बसणं म्हणजे हातातली वेळ घालवणं. ठरावीक अंतरानं येणारी कळ, मध्ये निपचित पडणं आणि हिरवी उलटी, एवढं पुरे.

ताई, तुमच्या मुलीचं बहुधा लहान आतडं लहान आतड्यातच शिरलं असणार. तो गोल छोटा असतो, साधारण दोन सेंटीमीटरच्या आतबाहेर, मूल खेळत असतं, आणि तो बहुतेक वेळा आपणहून सुटतो. या बाळाचं लहान आतड्याचं टोक मोठ्या आतड्यात शिरलंय. जागा उजवी, आकार तीनच्या वर. हे सुटायची वाट बघायची नसते.

जतकर, शर्टाची बाही काढताना आत उलटी जाते ना, तसं झालंय. सोनोग्राफीत ते आडवं कापून दिसतं: बाहेरचं कडं मोठ्या आतड्याचं, आतलं शिरलेल्या आतड्याचं, आणि मधे चंद्रकोरीसारखी पांढरी चरबी, कारण आतडं आपल्या रक्तवाहिन्या आणि चरबीही सोबत ओढून नेतं. त्या चरबीत सर्दीनंतर सुजलेल्या गाठी कधी कधी दिसतात. या वयात असल्या विषाणूनं आतड्याच्या भिंतीतल्या गाठी फुगतात, आणि तिथंच आतडं ओढलं जातं असं मानतात.

जतकर
आणि हवा?

काळी_फिल्म
आतडं पुढं, म्हणजे शीच्या दिशेनं शिरलंय. हवा उलट्या बाजूनं, गुदद्वारातून जाते आणि त्याला मागं ढकलते. आधी एक्सरेत पोटात मोकळी हवा नाही ना हे बघतात. मग रबरी नळी घालून दोन्ही कुल्ले चिकटपट्टीनं घट्ट आवळतात. सगळं गणित तिथंच असतं. पट्टी सैल पडली की हवा बाहेर निघते आणि दाब चढतच नाही. हातपंपाला बीपीच्या मशीनसारखा काटा असतो. साधारण ८० ला सुरू करतात, १२० च्या वर नेत नाहीत. पडद्यावर डावीकडून काळी हवा चढत येते आणि एका गोल डोक्याला अडते. ते डोकं मागं सरकत उजव्या कोपऱ्यापर्यंत जातं. तिथं सगळ्यांचा श्वास अडकतो, कारण लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप सूजलेली असते. ती उघडली की लहान आतड्याची वेटोळी एकदम हवेनं भरतात. नुसता गोळा दिसेनासा झाला म्हणजे सुटलं असं नाही. हवा लहान आतड्यात गेलेली दिसली पाहिजे.

एक प्रयत्न साधारण तीन मिनिटांचा, असे तीनेक करतात. वेळेत आलेल्या मुलांत दहापैकी आठेक जणांचं सुटतं. फुटायचं प्रमाण शंभरात एखादं, किंवा त्याहून कमी. फुटलं तर पोट क्षणात टम्म होतं, तेव्हा जाड सुई टोचून हवा काढतात आणि तसंच ऑपरेशनला नेतात. म्हणून विचारायचा प्रश्न हा: सर्जन इमारतीत आहेत का, आणि थिएटर तयार आहे का? सासऱ्यांना सांगा, पोट दगडासारखं कडक असतं, मूल शॉकमध्ये असतं किंवा आतडं फुटलेलं असतं, तर डॉक्टरांनीही सरळ ऑपरेशनच केलं असतं.

पलूसची_आई
बाळाला भूल देतात का? रडून रडून त्रास होईल हो.

काळी_फिल्म
यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. मी देत नसे. मूल रडून कुंथतं तेव्हा पोटातला दाबही वाढतो, आतड्याच्या भिंतीला बाहेरून आधार मिळतो. काही ठिकाणी हलकी भूल देतात, त्यांचे निकालही चांगले असतात. तिथले डॉक्टर ज्याला सरावलेत ते करू द्या.

कराडकर_८०
आमच्या भाच्याला हवा नाही, सलाईनचं पाणी सोडून सोनोग्राफीवर बघत केलं होतं. पुण्यात. त्यात एक्सरेचा डोस नाही. तेच का नाही करत?

काळी_फिल्म
तेही उत्तम. हात कुणाचा कशावर बसलाय त्यावर आहे.

जतकर
झालं! सही केली, सर्जन बाहेरच उभे होते. पहिल्या वेळी उजव्या कोपऱ्यात जाऊन अडकलं, दुसऱ्या वेळीही तिथंच. डॉक्टर म्हणाले सरकलंय, बाळ ठीक आहे, थोडं थांबू. पाऊण तासानं परत केलं आणि सुटलं. मला काचेतून पडदा दिसत होता, काळे फुगे एकामागून एक उमटले. परत सोनोग्राफी केली, गोल नाही. आता झोपलाय, पण शांत. बायकोनं थोडं दूध पाजलं, राहिलं.

आता एक प्रश्न. इथले म्हणतात रात्रभर ठेवू. मेव्हण्याच्या मित्राच्या मुलीला संध्याकाळीच सोडलं होतं म्हणे. बिल वाढवायला ठेवतायत का?

कराडकर_८०
अर्थात! आमच्या भाच्यालाही सहा तासांत घरी सोडलं होतं.

काळी_फिल्म
काही तासांत सोडणारे दवाखाने आहेत आणि त्यात चूक नाही, पण भाचा पुण्यातच राहत असेल. शंभरातल्या दहाएक मुलांचं परत शिरतं, त्यातलं बरंचसं पहिल्या दोन-तीन दिवसांत. जतहून रात्री परत यायचं म्हणजे दीड-दोन तास. मी असतो तर ठेवलं असतं. घरी गेल्यावर तशीच लहरीनं कळ आली किंवा हिरवी उलटी झाली तर ओवा-हिंग न करता थेट निघा, आणि आजचा रिपोर्ट सोबत घ्या. परत शिरलं तरी पुन्हा हवेनंच सुटू शकतं.

जतकर
राहतोय. सासरे डबा घेऊन आलेत, काटा १२० वर गेला होता का विचारतायत.

काळी_फिल्म
१२० पर्यंत चालतं म्हणावं.