नळाखाली भांडी की डिशवॉशर: पाणी मोजून पाहिलं

> "मशीन तासन् तास चालतं, मग त्यात पाणी कमी कसं लागेल? आमची भांडी तर नळाखाली पंधरा मिनिटांत होतात."

मशीन तासन् तास चालतं, पण नवं पाणी घेतं ते तीन-चार वेळाच. दर वेळी तळाशी तीन-चार लिटर साठतं, पंप तेच गाळून फिरत्या पात्यांतून पुन्हा पुन्हा फवारतो. वेळ जातो पाणी तापवण्यात आणि फवारण्यात. मोठ्या घरगुती मशीनला एका फेरीत साधारण 10 ते 14 लिटर लागतं.

आता नळ. मी दहा लिटरची बादली नळाखाली धरली, 75 सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला 8 लिटर. चौघांच्या रात्रीच्या भांड्यांना नळ 14 मिनिटं सुरू होता: 112 लिटर! घासताना नळ बंद ठेवून फक्त विसळायला उघडला, तर 5 मिनिटांत, म्हणजे 40 लिटरमध्ये झालं.

पण मशीनचा हिशोब पूर्ण भरलं तरच खरा. आमच्याकडे कढई, कुकर आणि पोळ्यांचा तवा आत मावत नाहीत, ते हातानेच घासावे लागतात. त्यात लोक ताटं आधी नळाखाली स्वच्छ धुऊन मग आत लावतात, तिथेच बचत संपते. खरकटं चमच्याने निपटून काढलं की पुरे. ताटावर डाळ वाळून चिकटली असेल तरच थोडं भिजवा, तेही टबात.

मशीन नसेल तर दोन टब घ्या, एक साबणाचा, एक विसळायचा. आमचं 20-25 लिटरमध्ये भागतं.