मदत हवी आहे: १ नोव्हेंबरच्या भांडणात ग्रुप फुटला, लग्नाआधी मित्राला परत कसं आणायचं?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. अर्जंट आहे म्हणून सरळ लिहितो. आमचा शाळेपासूनचा ग्रुप आहे, बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर क्रिकेट खेळत मोठे झालेलो. १ नोव्हेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर सीमाभागातला काळा दिवस विरुद्ध कर्नाटक राज्योत्सव असा वाद झाला, एकजण ग्रुप सोडून गेला, दोघंतिघं त्याच्या बाजूनं गप्प झाले आणि आता कुणी कुणाशी धड बोलत नाही. पुढच्या महिन्यात ग्रुपमधल्याच एकाचं लग्न आहे, हॉलमध्ये सगळे समोरासमोर येणार. मी अ‍ॅडमिन आहे. त्याला परत अ‍ॅड करू की आधी मेसेज करू, मेसेज केला तर काय लिहू? कुणी असलं निस्तरलंय का?

कुंदाप्रेमी
अ‍ॅड करून टाका की ओ. आणि लग्नाच्या दिवशी एक किलो कुंदा घेऊन त्याच्या घरी जा. आपल्या गावात कुंद्यापुढं कुणाचा राग टिकलेला मी तरी बघितलेला नाही.

खानापूरचा
आधी हे सांगा तो कन्नड आहे का? असला तर विषय सोडून द्या. २००४ साली महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा सुप्रीम कोर्टात दावा लावलाय, त्याचा अजून निकाल नाही आणि तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल लावायला निघालात.

टिळकवाडीकर
कन्नड नाही ओ, मराठीच आहे. घरात मराठी, शाळा मराठी, आमच्यासोबत सायकल फेरीत पण यायचा पूर्वी.

निपाणीची सून
मग वाद कसला झाला? दोघंही मराठी आणि भांडण राज्योत्सवावरून? काहीतरी गाळलंय तुम्ही, भाऊ.

टिळकवाडीकर
गाळलं नाही, एवढं महत्त्वाचं वाटलं नाही. त्याला आम्ही बारक्या म्हणतो. तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. ऑफिसात राज्योत्सव झाला, सगळ्यांच्या गळ्यात लाल-पिवळी शाल घातली, कुणीतरी फोटो काढला आणि तो फिरत फिरत आमच्या ग्रुपमध्ये आला. दाद्या म्हणून एकजण आहे, तो सकाळी काळे कपडे घालून फेरीत होता, त्याचं डोकं फिरलं. मग दोघांची जुंपली.

खानापूरचा
सरकारी नोकर आहे म्हटल्यावर तो काळ्या दिवसाच्या फेरीत येणारच नाही, नोकरीवर येतं ते. दाद्याला एवढं कळत नाही का?

सीमाभागी
कळतं सगळ्यांना. खरं नोकरी आहे म्हणून हसत फोटो काढून घ्यायचा का? १९५६ पासून माणसं झगडालेत इथं. २०१४ ला गावाचं नाव बदललं तेव्हा पण सगळे असेच गप्प बसले.

खानापूरचा
कोण गप्प बसलं? तुम्ही तेव्हा कुठं होता? पुण्यात असाल.

सीमाभागी
पुण्यात होतो म्हणून काय झालं, मतदान अजून शहापुरात आहे माझं.

निपाणीची सून
अहो तुमचं तुम्ही बाहेर बघा. टिळकवाडीकर, दाद्या नेमकं काय बोलला ते सांगा. "डोकं फिरलं" म्हणजे काय? शिवी दिली का?

टिळकवाडीकर
शिवी नाही. म्हटला, तुझ्या बाबांनी ८६ ला कन्नड सक्तीविरुद्ध लाठ्या खाल्ल्या त्या फुकटच गेल्या म्हणायच्या. त्यावर बारक्यानं एकच ओळ टाकली, "बाबांचं नाव काढायचं नाही", आणि बाहेर पडला.

निपाणीची सून
आणि बाबा आहेत का आता?

टिळकवाडीकर
गेल्या वर्षी गेले.

निपाणीची सून
भाऊ. हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं.

फोनवाला_अनगोळ
ब्लॉक केलंय का ते आधी बघा. मेसेज पाठवल्यावर एकच टिक राहिली, डीपी दिसेना, लास्ट सीन दिसेना, तर ब्लॉक असण्याची शक्यता जास्त. खरं एकच टिक फोन बंद असला तरी राहते, आणि डीपी त्यानं सगळ्यांसाठीच लपवला असेल, म्हणजे खात्री नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक असलं तरी साधा कॉल लागतो, त्यानं फोनमध्ये नंबर वेगळा ब्लॉक केला नसेल तर. आणि ग्रुप सोडलेली माणसं ६० दिवस ग्रुपच्या माहितीत दिसतात, तिथं बघा अजून कोण गुपचूप गेलंय, कारण हल्ली सोडून गेलं की फक्त अ‍ॅडमिनलाच कळतं. अ‍ॅडमिन बदलायचा असेल तर तेही सांगतो.

टिळकवाडीकर
अ‍ॅडमिन बदलायचा नाही ओ. ब्लॉक नाही, दोन टिक येतात. दिवाळीच्या शुभेच्छा फॉरवर्ड पाठवल्यावर निळी पण झाली होती. उत्तर नाही आलं.

वकीलकाका
मी कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात काम करतो. भावाभावांचे जमिनीचे वाद जास्त येतात, खरं माणसं अशीच असतात. तुमच्या केसमध्ये भांडण १ नोव्हेंबरचं नाहीच. शालीवर वाद झाला असता तर बारक्यानं तासभर भांडून रात्री जेवायला बोलावलं असतं. तो बाबांवर निघून गेला आणि तेही सगळ्यांसमोर. म्हणून समेट करायला बसून शाल बरोबर की चूक हा विषय काढलात तर परत फुटेल. ज्या गोष्टीवर तुमचं एकमत होणार नाही ती बाजूला ठेवायची आणि ज्या वाक्यावर माणूस उठून गेला तेवढ्यावरच बोलायचं.

अ‍ॅड तर अजिबात करू नका. न विचारता अ‍ॅड केलं की तो परत बाहेर पडणार, परत सगळे बघणार, मग त्याला माघार घेणं अजून अवघड. आणि फॉरवर्ड केलेल्या शुभेच्छांना उत्तर येत नसतं, ते तुम्ही शंभर जणांना पाठवलेलं त्याला कळतं.

कुंदाप्रेमी
मग कुंदा?

वकीलकाका
कुंदा नंतर. आधी पाठवलात तर तुम्ही विषय मिठाईवर मिटवायला बघताय असं त्याला वाटेल.

हिंडलग्याचा
आमच्या ग्रुपमध्ये पण असं झालं. भोंग्यावरून वाद झाला, एक मुसलमान मित्र होता, तो गेला. मी त्याच्या दुकानात जाऊन बसलो, काही बोललो नाही, चहा प्यालो आणि आलो. असं करत करत तो परत बोलायला लागला. ग्रुपवर अजून आला नाही, खरं दुकानात रोज भेटतो. त्यामुळं माझं मत असं की काही लिहू नका, जाऊन बसा.

वकीलकाका
तुमचं बरोबर आहे, कारण तिथं तुम्ही स्वतः त्याला काही बोलला नव्हता आणि दुकानात जायला निमित्त होतं. इथं बारक्या सरकारी ऑफिसात बसतो, तिथं जाऊन बसता येत नाही आणि त्याच्या घरी त्याची आई आहे. तिच्यासमोर हा विषय निघाला तर बिघडेल.

टिळकवाडीकर
मी तर काहीच बोललो नव्हतो त्या दिवशी. मी का माफी मागायची?

निपाणीची सून
तेच तर. अ‍ॅडमिन होता तुम्ही आणि काहीच बोलला नाही.

टिळकवाडीकर
मी कामावर होतो ताई, संध्याकाळी बघितलं.

वकीलकाका
माफी मागू नका, तुमची बाजू तेवढी सांगा. त्याला सध्या वाटतंय की सगळे दाद्याच्या बाजूला आहेत, कारण त्या ओळीखाली कुणीच काही लिहिलं नाही. मेसेज लहान ठेवा. माझ्या हिशेबानं असा: "बारक्या, काकांबद्दल दाद्या जे बोलला ते मला पटलं नाही, हे मी तुला आधीच सांगायला पाहिजे होतं. शालीबद्दल मला काही विचारायचं नाही. रविवारी सकाळी किल्ला तलावावर चालायला जातोय, आलास तर बरं वाटेल, नाही आलास तरी काही नाही."

यात "जाऊ दे", "विसरून जा", "दोघांचंही चुकलं" यातला एकही शब्द नको. "विसरून जा" म्हटलं की विसरायचं काम त्याच्यावर पडतं. व्हॉइस नोट पण नको, ती पुढं फिरते. उत्तर नाही आलं तर दोनतीन आठवडे थांबून लग्नाचं निमित्त करून साधा फोन करा, आणि त्यालाही काही नाही तर थांबा. मागं लागलात की तो लग्नालाच येणार नाही.

सीमाभागी
आणि दाद्याचं काय? त्याला कुणी विचारलंय का त्याला काय वाटतं? त्याच्याही घरातलं कोण ८६ च्या १ जूनच्या गोळीबारात असेल.

वकीलकाका
बरोबर, दाद्याला पण वेगळं भेटायचं. मध्यस्थीत पहिल्यांदा दोघांना एका खोलीत बसवत नाहीत, आधी एकेकाचं ऐकतात आणि एकाचं बोललेलं त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला सांगत नाहीत. दाद्याला काळा दिवस सोड म्हणायचं नाही. त्यानं फेरी काढावी, काळे कपडे घालावेत. त्याच्याकडून फक्त बाबांचं वाक्य मागं घेणं हवं. "भावना दुखावल्या असतील तर" असलं पुढाऱ्यासारखं नको, "काकांचं नाव मी घ्यायला नको होतं" एवढं नेमकं. ते आधी बारक्याला एकट्याला. मग बारक्याची हरकत नसेल तर ग्रुपवर एक ओळ, कारण बोललं होतं ते सगळ्यांसमोर.

खानापूरचा
ग्रुपवर बारक्याच नाही तर तिथं लिहून उपयोग काय?

वकीलकाका
बाकीच्यांसाठी. जे दोघंतिघं गप्प झालेत त्यांना वाट मिळेल.

खानापूरचा
दाद्या हे करणार नाही. माझ्या ओळखीतले असले दाद्या बघितलेत मी.

वकीलकाका
नाही केलं तर ग्रुप परत होणार नाही, हे धरून चला. टिळकवाडीकरांची दोघांशी वेगवेगळी दोस्ती राहू शकते. खरं दाद्यानं ते वाक्य मागं घेतलेलं नसताना लग्नाच्या हॉलमध्ये "चला रे फोटो काढू" म्हणून दोघांना शेजारी उभं करणारा कुणीतरी असतोच, त्या माणसाला आधीच सांगून ठेवा. लग्नात समेट करायचा नाही. तिथं सगळं गाव असतं, आणि नवरदेवाचा दिवस आहे.

फोनवाला_अनगोळ
नवीन ग्रुप काढा, नाव द्या "फक्त क्रिकेट". सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिनच मेसेज करू शकेल असं करता येतं.

निपाणीची सून
मग क्रिकेटचं पण अ‍ॅडमिनच बोलणार का?

टिळकवाडीकर
काका, मेसेज पाठवला. तुमचाच थोडा बदलून. किल्ला तलावाच्या ऐवजी व्हॅक्सिन डेपो लिहिलं, आम्ही तिथलेच. काल रात्री उत्तर आलं: "येतो. खरं दाद्या असेल तर सांग आधी, मी येणार नाही." आता दाद्याला हे कळवू का की बारक्या भेटतोय? त्याला बाहेरून कळलं तर तो म्हणेल मी लपवालोय.

वकीलकाका
भेटणार हे सांगा, तो काय म्हटला ते सांगू नका.

सीमाभागी
आणि दाद्यानं विचारलं मला का नाही बोलावलं, तर?

टिळकवाडीकर
तेच कळेना. दाद्या आमच्याच गल्लीत राहतो आणि त्याची सकाळची चक्कर पण व्हॅक्सिन डेपोवरच असते.

कुंदाप्रेमी
मग किल्ला तलावच ठेवायचं होतं की ओ.