माफीचा मेसेज मराठीत

> ठाण्यातल्या मैत्रिणीच्या लग्नाला ऑफिसच्या कामामुळे गेले नाही. इंग्रजीत मेसेज लिहिलाय: ‘आय ॲम सो सॉरी आय मिस्ड युअर वेडिंग. आय शुड हॅव बीन देअर. आय होप यू कॅन फर्गिव्ह मी.’ मराठीत केला की कोरडा होतो.

‘दिलगीर आहे’ स्टेशनवरच्या घोषणेसाठी ठेवा. मैत्रिणींमध्ये ‘सॉरी’ चालतं, ते तसंच राहू द्या.

खरी मेख ‘मिस्ड’मध्ये आहे. इंग्रजीत तिथे कर्ता ‘आय’ आहे. मराठीत आपण सवयीने ‘यायला जमलं नाही’ किंवा ‘येणं झालं नाही’ लिहितो आणि ‘मी’ अलगद गायब होते. वाचणारीला ते बरोबर कळतं. ‘लग्न चुकलं’मध्येही तेच. उलट ‘चुकवलं’ म्हणजे मुद्दाम टाळलं, तेही नको. सरळ ‘मी आले नाही’ लिहा. आजारपण असतं तर ‘येऊ शकले नाही’ खरं होतं. इथे तुम्ही काम निवडलंत.

‘देअर’ नुसतं ‘तिथे’ केलं की पोकळ वाटतं. मराठी लग्नात तो क्षण ठरलेला असतो, तोच घाला. आणि ‘मला माफ करशील अशी आशा आहे’ हे अर्जातलं वाक्य आहे. मी असं लिहीन:

‘सॉरी गं. तुझ्या लग्नाला मी आले नाही. ऑफिसचं काम होतं, पण ती सबब झाली. अक्षता टाकायला मी असायला हवं होतं. रागावली असशील तर मनसोक्त भांड, पण अबोला धरू नकोस.’

पाठवण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल, तिथे इंग्रजी शिल्लक आहे. (‘मनःपूर्वक’ कृपया घुसडू नका.)