अनुभव धागा : कवितेतलं बालपण नेमकं कुठल्या ओळीत संपतं?

टिळकवाडीहून : मुलगी आयरिश कवी सीमस हीनीची 'डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट' ही कविता वाचतेय, 1966 च्या संग्रहातली. गाईडात एकच वाक्य आहे, "दुसऱ्या कडव्यात निरागसता हरवते." ती विचारते, कशावरून? मी अडकलो. ज्यांनी वाचली असेल त्यांनी आपापला अनुभव लिहा. कुठली प्रतिमा बघून तुम्हाला कळलं की पोरगं आता पोरगं उरलं नाही?

निपाणीकर : सोपं आहे की. पहिल्या 21 ओळी गोड, मग एका उकाड्याच्या दिवशी बेडकं चिडून येतात आणि उरलेल्या 12 ओळी भीतीच्या. बेडूक आला, निरागसता गेली.

खानापूर, निवृत्त मास्तर : निपाणीकर, निम्मं बरोबर आहे. पण पहिल्या कडव्याची सुरुवातच सडण्याने होते हो. डबक्यात जवसाच्या काड्या मातीच्या जड ढेकळांखाली दाबून कुजवायला ठेवल्यात, ऊन जणू शिक्षा करतंय. घाण पहिल्यापासून आहेच. फक्त पोराच्या कानाला तिथले बुडबुडे हळुवार गुळगुळतात, माश्यांचा आवाज त्या वासाभोवती तलम कापड विणतो. दुसऱ्या कडव्यात जागा तीच, पण शेणाने दुर्गंधणारी शेतं येतात, बेडकं चिखलाच्या हातबॉम्बसारखी बसतात. बेडकं तीच, शब्द फिरले.

मी शिकवताना हाताचा माग काढायला सांगायचो. आधी पोरगं बेडकाच्या अंड्यांचा चिकट गोळा जॅमच्या बरणीत भरून खिडकीत मांडतं. शेवटी त्याला खात्री वाटते की हात बुडवला तर तीच अंडी हात पकडतील. घेणारा हात आता धरला जाणारा हात झाला. बदलाची खूण मला तिथं दिसते. वाक्यंही बघा. शाळेतल्या मॅडम बेडूक-बाबा, बेडूक-आई सांगतात तिथं 'आणि, आणि' करत एका दमात चाललेलं शाळकरी बोलणं आहे. शेवटी तीन तुटक क्रिया : मळमळलं, वळलो, पळालो.

शहापूर : जवस? आमच्यात जवसाची चटणी करतात. ते पाण्यात कशाला कुजवायचं? छपाईची चूक असेल.

खानापूर, निवृत्त मास्तर : चूक नाही. तिकडे आयर्लंडात त्याच पिकाच्या काड्यांतून धागा काढायचे, त्याचं लिनन व्हायचं. काडी कुजली की साल सुटते.

जांबोटीकडचा : मास्तर, आमच्यात अंबाडीचं हेच. आजोबा पेंढ्या ओढ्याच्या डोहात दगडं ठेवून दाबायचे, आठ-दहा दिवसांनी वाख सोलायचा, दोर वळायला. वास असा की पाहुणे नाक दाबून जायचे, आम्हाला काय पण वाटायचं नाही. पाणी कुजलं की मासे गुंगून वर यायचे, पोरांची चैन! मी चौथीत असेन, बुट्टीभर मासे धरून घरी नेले. आजीनं एक मासा बोटानं दाबला. तो मऊ झालेला, डोळा पांढरा. म्हणाली, "हे तू धरलास न्हवं, हे मरूलालेले हुते." सगळी बुट्टी उकिरड्यावर. दुसऱ्या दिवशी डोहाकडे गेलो तर पहिल्यांदा वास आला. डोह तोच होता. कविता मी वाचलेली नाही, पण मास्तरांचं वाचून हे आठवलं.

चंदगडी पाहुणा : माझी निरागसता बाजारात गेली. वडिलांनी माझा लाडका पाडा विकला आणि परत येताना मला भजी खायला घातली. मी खाल्ली पण.

टिळकवाडीहून : अहो, प्रश्न कवितेतल्या ओळीचा होता. पण भजी लक्षात राहतील.

हुक्केरीहून : मला एक पटत नाही. बेडकं बदला घ्यायला जमलीत असं कवितेत शेवटी येतं, पण ते कोण मानतं? लहान पोरगंच. मोठ्या माणसाला ती नुसती बेडकं दिसतील. मग शेवटच्या ओळीत निरागसता संपली कशी म्हणायची? मला तर पोरगं तिथं सगळ्यात जास्त लहान वाटतं.

खानापूर, निवृत्त मास्तर : हा मुद्दा मला तीस वर्षांत एकाही पोरानं विचारला नाही. बदल्याची कल्पना पोराचीच, पण अंडी चोरल्याचा हिशेब त्याला पहिल्यांदा कळतो. शिवाय त्या जाड आवाजाच्या बेडकांमध्ये मॅडमनी न सांगितलेला आई-बाबांचा भाग पण आहे. भीती कशाची, चोरीची की त्याची, यावर मी दरवर्षी वेगळं बोललोय.

निपाणीकर : म्हणजे बेडूक आला, निरागसता गेली, हे खोडायचं?

टिळकवाडीहून : मुलीला हाताचं सांगितलं. तिनं पुस्तकात दोन्ही ठिकाणी 'हात' लिहून बाण काढलाय. आता विचारते, बाबा, पहिल्या कडव्यात 'हात' हा शब्द आहे तरी का? परत वाचायला बसलोय.