उपवासाच्या महिन्यात परीक्षा: वेळ महत्त्वाची

> "उपवासाच्या महिन्यात परीक्षा आली तर मंडळ तारीख बदलतं का? अर्ज करून उपयोग होतो का?"

संपूर्ण महिना टाळणं मंडळांना सहसा शक्य नसतं, म्हणून ती विषयांचा क्रम आणि वेळ बदलतात. ब्रिटनमधलं 2016 चं उदाहरण घ्या. रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होता. तिथल्या परीक्षा मंडळांनी सर्वाधिक विद्यार्थी बसतात ते विषय शक्य तितके त्याआधी ठेवले आणि पेपर सकाळी की दुपारी, याचाही विचार केला. रोजा ठेवणाऱ्याला दुपारचा पेपर जड जातो, पाण्याविना तर जास्तच.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा 10-11 दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा आधी येतो. अंदाज वर्षानुवर्षं आधी बांधता येतो, फक्त चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस इकडेतिकडे होतो. ईदच्या आजूबाजूचा दिवसही मोकळा ठेवायचा तो याचसाठी.

उमेदवाराने तारीख बदलून मागण्यापेक्षा सकाळचं सत्र मागावं; एकाहून अधिक सत्रं असतील तर हे सोपं जातं. अर्ज वेळापत्रक कच्चं असतानाच, केंद्रामार्फत आणि लेखी करावा. उपवासासाठी वाढीव गुणांची आशा मात्र धरू नये. मधुमेहासारखा आजार असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्रासह वेगळा अर्ज द्यावा, तो उपवासाच्या अर्जात मिसळू नये.